तुकोबांचे गुरू शोधताना

संतांच्या गुरुपरंपरा लावण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. इथे लिहितो ते एकाच प्रकरणाबद्दल: तुकोबांचे गुरू कोण आणि त्या गुरूंचे गुरू कोण. प्रश्न साधा वाटतो, कारण उत्तर तुकोबांनी स्वतःच अभंगात दिलं आहे. तरीही एकदा चरित्रं, शिष्यांची पदं आणि मठांच्या पोथ्या शेजारी मांडल्या की एका उत्तराची चार उत्तरं होतात.

१. आधी संताचं स्वतःचं म्हणणं, आणि तेही मोजून

तुकोबांचा स्वप्नानुग्रहाचा अभंग महाराष्ट्रात बहुतेकांनी कीर्तनात ऐकलेला असतो. पण तो ऐकून आपल्याला जे आठवतं ते आणि त्यात प्रत्यक्ष जे आहे ते, यांत फरक पडतो. म्हणून मी कोणताही दावा तपासण्याआधी अभंगातली विधानं एकेक सुटी करून कागदावर उतरवतो.

गंगास्नानाला जाताना वाटेत सद्गुरू भेटले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला. जेवायला पावशेर तूप मागितलं, आणि स्वप्नात ते द्यायचं राहून गेलं. काहीतरी अडचण आली म्हणून ते घाईने निघाले. राघव चैतन्य आणि केशव चैतन्य ही नावं त्यांनी परंपरेच्या माळेची खूण म्हणून सांगितली. स्वतःचं नाव बाबाजी सांगितलं. मंत्र दिला तो रामकृष्णहरी. दिवस माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार. एवढंच.

आता यात काय नाही ते पाहावं. साल नाही. हे बाबाजी कुठले, हयात होते की समाधिस्थ, ते नाही. राघव चैतन्यांच्या वरचं एकही नाव नाही. नाथपंथ नाही, ज्ञानदेव नाहीत, व्यास नाहीत. पुढे ज्या परंपरा तुकोबांच्या नावावर चढल्या, त्यांतली राघव चैतन्यांच्या वरची सगळी भर दुसऱ्यांनी घातलेली आहे, हे या कागदावरून लगेच दिसतं.

त्या पावशेर तुपाचाही मला उपयोग होतो. भाविकाने रचून घातलेल्या प्रसंगात गुरू सहसा शिष्याकडे तूप मागत नाहीत, आणि शिष्य ते द्यायला विसरत नाही. टीकाकारांना या तुपाचा आध्यात्मिक अर्थ लावत बसावं लागलं, यावरूनच हा तपशील सोयीचा नव्हता हे कळतं. असे गैरसोयीचे तपशील नंतरच्या हाताने घातले जाण्याची शक्यता कमी. दुसरा आधार असा की आत्मचरित्रपर म्हणून प्रसिद्ध असलेल्या तुकोबांच्या अभंगातही स्वप्नातल्या गुरुकृपेचा उल्लेख येतो. तिथे नावं नाहीत, पण घटना तीच. स्वप्नात अनुग्रह झाला असं तुकोबा स्वतः मानत होते, एवढं मी निःशंकपणे लिहितो.

२. नाममुद्रा पाहावी

एकनाथांच्या अभंगाच्या शेवटी जनार्दनस्वामींचं नाव जवळजवळ हटकून येतं. नाथांनी आपली सहीच गुरूच्या नावाला जोडून ठेवली. त्यामुळे त्यांचे गुरू कोण, हा प्रश्न उरत नाही. भांडण आहे ते जनार्दनस्वामींच्या वर, दत्तात्रेय की चांद बोधले, असं.

तुकोबांची मुद्रा एकट्याची आहे. साडेचार हजारांच्या आसपास अभंगांच्या गाथ्यात बाबाजींचं नाव फार क्वचित येतं. बाकी सगळं बोलणं विठ्ठलाशी. याचा अर्थ गुरू खोटे असा होत नाही. मात्र तुकोबांच्या रोजच्या साधनेत गुरुपरंपरा ही मिरवायची किंवा पुढे चालवायची गोष्ट नव्हती, एवढं त्यातून निघतं. परंपरेच्या वरच्या कड्यांबद्दल ते गप्प का, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. त्यांना त्यांची गरज नव्हती. गरज पुढच्यांना पडली.

३. स्वप्न स्वप्नापासून वेगळं ठेवावं

गाथ्यात आणखी एक स्वप्न आहे. त्यात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात आणि आपली राहिलेली अभंगसंख्या पुरी करण्याचं काम तुकोबांवर सोपवतात. महिपतींच्या चरित्रात तुकोबा हे नामदेवांचे अवतार ठरतात. काही जण हे सगळं एकत्र करून नामदेवांनाच तुकोबांचे गुरू म्हणतात.

नामदेवांच्या त्या स्वप्नात मंत्र नाही, मस्तकावर हात नाही, परंपरेची खूण नाही. आहे ती कविता करण्याची आज्ञा. बाबाजींच्या स्वप्नात अभंग रचण्याचा विषयच नाही. तुकोबांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत. आपण त्या एक करू नयेत. काव्याची प्रेरणा नामदेवांकडून आणि मंत्राचा अनुग्रह बाबाजींकडून, असं लिहिलं की निम्मा गोंधळ मिटतो.

४. साक्षीदार किती जवळचा, ते वर्षांत मोजावं

या प्रकरणात माझ्या टेबलावर तीन मुख्य साक्षी असतात. त्यांना मी वयाच्या क्रमाने बसवतो.

पहिल्या बहिणाबाई. जन्म 1628 चा, निधन 1700 चं. तुकोबांचं प्रयाण 1650 चं, तेव्हा त्या ऐन विशीत होत्या. कोल्हापुरात असताना त्यांना तुकोबांचा अनुग्रह स्वप्नात झाला, पुढे त्या देहूला गेल्या आणि तुकोबांना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी आपली गुरुपरंपरा सविस्तर सांगितली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानेश्वर, सच्चिदानंद, विश्वंभर, राघव चैतन्य, केशव चैतन्य, बाबाजी आणि तुकोबा. म्हणजे तुकोबा नाथपरंपरेतले, ज्ञानदेवांच्या शाखेतले. आणि केशव वेगळे, बाबाजी वेगळे.

दुसरे महिपती. ताहाराबादचे, 1715 ते 1790. त्यांचा भक्तविजय 1762 चा, भक्तलीलामृत 1774 चं. तुकोबांचं सर्वांत विस्तृत जुनं चरित्र त्यांचंच. पण ते तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांनी लिहीत होते आणि स्वतःला तुकोबांचा स्वप्नानुग्रह झाला असं सांगत होते. त्यांची श्रद्धा निर्मळ आहे. गुरुपरंपरेच्या प्रश्नावर मात्र त्यांच्याकडे अभंगांपलीकडे स्वतंत्र माहिती होती, असं मला त्यांच्या मजकुरावरून वाटत नाही.

तिसरे निरंजन, चैतन्यकथाकल्पतरूचे कर्ते. हा ग्रंथ 1787 चा. ते चैतन्य परंपरेतलेच, म्हणजे आपल्याच घराण्याची कथा सांगणारे. त्यांच्या कथेत राघव चैतन्यांना साक्षात व्यासांचा उपदेश होतो; ते जुन्नरजवळ ओतूरला मांडवी नदीकाठी राहतात; विश्वनाथ नावाचा गृहस्थ त्यांना शरण येतो आणि केशव चैतन्य होतो; त्यालाच लोक बाबाजी म्हणतात. राघव चैतन्यांची समाधी आळंद-गुंजोटीची, केशव चैतन्यांची ओतूरची. म्हणजे इथे नाथपंथ नाही, ज्ञानदेव नाहीत. आणि केशव व बाबाजी एकच.

बहिणाबाई आणि निरंजन या दोन साक्षींमध्ये शंभरेक वर्षांचं अंतर आणि दोन्ही मुद्द्यांवर उलट जबान्या. बहिणाबाई जवळच्या आहेत म्हणून त्यांचं सगळं खरं, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कड्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. बाबाजी हे नाव त्यांनी तुकोबांकडून किंवा देहूतल्या माणसांकडून ऐकलेलं असू शकतं. सच्चिदानंद आणि विश्वंभर ही नावं त्यांना कुठून मिळाली, हा निराळा प्रश्न आहे.

५. कड्यांमधली वर्षं भागून पाहावीत

ही तपासणी शाळकरी गणिताची आहे, पण तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही.

सच्चिदानंदबाबा म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून घेणारे. ज्ञानेश्वरी 1290 ची. केशव चैतन्यांच्या समाधीची ओतूरकडची तिथी वैशाख शुद्ध द्वादशी, शके 1493, म्हणजे 1571. बहिणाबाईंच्या परंपरेत या दोघांच्या मध्ये फक्त दोन माणसं आहेत, विश्वंभर आणि राघव चैतन्य. सच्चिदानंदांना आपण भरपूर आयुष्य देऊ, 1340 पर्यंत. तरी केशव चैतन्यांच्या समाधीपर्यंत 231 वर्षं उरतात आणि ती भरायला हे दोघे आणि स्वतः केशव, असे तिघेच. म्हणजे एका समाधीपासून पुढच्या समाधीपर्यंत सरासरी 77 वर्षं. ज्या मठांच्या नोंदी नीट ठेवलेल्या आहेत, तिथे हे अंतर साधारण पंचवीस ते पस्तीस वर्षांचं पडतं. एखाद्या ठिकाणी म्हाताऱ्या गुरूला कोवळा शिष्य मिळतो आणि अंतर सत्तरीपर्यंत जातं. सलग तीनदा तसं होणं अवघड आहे.

याचा अर्थ असा की मधली नावं गळली आहेत, किंवा ज्ञानदेवांच्या परंपरेची पवित्र माळ आणि चैतन्यांची माळ मागाहून एकमेकींत ओवली आहे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. वारकऱ्याला ज्ञानदेवांशी नातं हवंच असतं, आणि त्यासाठी सच्चिदानंदांसारखा दुवा आयता हाताशी होता.

निरंजनांच्या माळेला ही तपासणी लावताच येत नाही. व्यास चिरंजीव. चिरंजीव गुरू आला की वर्षांचा हिशेब थांबतो, आणि त्या कडीची साक्ष इतिहासाच्या कामाची राहत नाही. जनार्दनस्वामींच्या वर दत्तात्रेय येतात तेव्हाही हेच होतं. कडीवर देव किंवा चिरंजीव बसलेला दिसला की मी तिथे रेघ मारतो आणि खालच्या माणसापासून सुरुवात करतो.

६. सारखं नाव म्हणजे तोच माणूस नव्हे

विश्वंभर हे नाव तुकोबांच्या घराण्यातही आहे. देहूला विठ्ठलमूर्ती आणणारे मूळपुरुष विश्वंभरबाबा. परंपरेतले विश्वंभर हेच ते, असं एका सत्संगात कोणी ठासून सांगताना मी ऐकलं आहे. नावापलीकडे आधार विचारला, तो मिळाला नाही. ‘चैतन्य’ हे पद पाहून तुकोबांना बंगालच्या कृष्णचैतन्यांशी जोडण्याचा मोहही जुना आहे. पण चैतन्य ही शृंगेरी परंपरेतल्या ब्रह्मचाऱ्यांना लागणारी उपाधी आहे आणि दक्षिणेत ती कितीतरी जणांच्या नावात सापडते. उपाधीवरून संप्रदाय ठरवू नये, एवढं म्हणून पुढे जातो.

७. तिथी आणि वार एकटेच साल ठरवत नाहीत

तुकोबांनी तिथी आणि वार दोन्ही दिले, म्हणून अभ्यासकांना उत्साह आला. पंचांग मागे नेऊन माघ शुद्ध दशमीला गुरुवार केव्हा येतो ते काढायचं, की झालं. पण एका ठराविक तिथीला ठराविक वार सरासरीने सात वर्षांतून एकदा येतो. पन्नास वर्षांच्या आयुष्यात असे अनेक गुरुवार बसतात.

शके 1541 घ्या. त्या वर्षीची माघ शुद्ध दशमी फेब्रुवारी 1620 मध्ये, गुरुवारीच पडते. वार जुळला. आता आयुष्य जुळतं का ते पाहावं. तुकोबांचा जन्म 1608 चा धरला तर ते तेव्हा बारा वर्षांचे. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यात आधी आईवडिलांचं जाणं, मग दुष्काळ, बायकोचा अन्नावाचून मृत्यू, दिवाळं, लोकलाज, देवळाची दुरुस्ती आणि मग गुरुकृपा असा क्रम आहे. तो दुष्काळ 1630 च्या आसपासचा. म्हणजे शके 1541 धरायचं तर जन्मसाल मागे ओढावं लागतं, आणि काही जुन्या अभ्यासकांनी तसं केलंही. उलट 1608 धरून चालणाऱ्यांनी दुष्काळानंतरचं शके 1554 सुचवलं. मी तुकोबांनी सांगितलेल्या क्रमाला वारापेक्षा जास्त वजन देतो. घडलेल्या दुःखांचा क्रम माणूस सहसा चुकवत नाही. अभंग उतरवणाऱ्याच्या हातून वार मात्र बदलू शकतो.

साल कोणतंही घेतलं तरी केशव चैतन्यांची समाधी 1571 ची. तेच बाबाजी असतील, तर अनुग्रह देणारे गुरू तुकोबांच्या जन्माआधीच समाधिस्थ झाले होते, असं 1608 धरणाऱ्याला मान्य करावं लागतं. स्वप्नानुग्रहाला हे आड येत नाही, बहिणाबाई आणि महिपती यांच्याही अनुग्रहाची वाट स्वप्नाचीच होती. पण याच कारणाने शेवटच्या कडीला वर्षांचा हिशेब लावता येत नाही. तो फक्त जिवंत भेटींना लागतो.

८. केशव आणि बाबाजी: एक की दोन?

मला सर्वांत जास्त वेळ खाणारा प्रश्न हा. एका ज्येष्ठ कीर्तनकारांना मी विचारलं, ‘‘महाराज, तुम्ही दोघांना एक कशावरून म्हणता?’’ ते म्हणाले, ‘‘ओतूरला समाधी एकच आहे ना? मग माणसं दोन कुठून आणू?’’

हा युक्तिवाद हलका नाही. बाबाजी वेगळे असते, तर त्यांची जागा, मठ, पुण्यतिथी असं काही स्वतंत्र वाढलं असतं. शिवाय बाबाजी हे दीक्षेचं नाव वाटत नाही, घरगुती आदराचं वाटतं. केशव चैतन्य हे संन्यासाचं नाव आणि बाबाजी हे लोकांच्या तोंडचं, ही मांडणी सहज पटण्यासारखी आहे.

पण अभंगाची रचना उलट बाजूला ओढते. गुरू आधी माळेची खूण म्हणून दोन नावं सांगतात आणि मग स्वतःचं नाव वेगळं सांगतात. केशव तेच असते, तर त्यांनी स्वतःला आधी माळेत घातलं आणि मग पुन्हा नवं नाव सांगितलं, असं मानावं लागतं. अगदी अशक्य नाही. दीक्षेचं आणि व्यवहाराचं नाव लागोपाठ सांगणारे लोक असतात. पण साधा वाचक तीन माणसं वाचतो. बहिणाबाईंनीही तीनच वाचली, आणि त्या देहूत तुकोबांच्या कीर्तनाला बसलेल्या होत्या. दोघे एक आहेत ही समजूत तेव्हा देहूत प्रचलित असती, तर बहिणाबाईंना ती कळली नसती असं मला वाटत नाही.

माझं झुकतं माप तिघांकडे आहे. तरी ते निकालपत्र म्हणून मी कुठे लिहीत नाही. लेखात मी असं मांडतो: बाबाजी हे गुरू, तुकोबांच्या शब्दावरून, राघव आणि केशव हे परंपरेतले, तेही त्यांच्याच शब्दावरून, केशव आणि बाबाजी एकच, हे निरंजन आणि ओतूरची परंपरा सांगते, बहिणाबाईंच्या क्रमाशी ते जुळत नाही, राघव चैतन्यांच्या वर ज्ञानदेव हे बहिणाबाईंचं म्हणणं, व्यास हे निरंजनांचं. प्रत्येक कडीपुढे बोलणाऱ्याचं नाव राहिलं, की वाचकाला स्वतः तोलता येतं.

९. समाधीचं स्थळ काय सांगतं आणि काय नाही

राघव चैतन्यांची आळंदची जागा लाडले मशायख दर्ग्याच्या आवारात आहे. हे कळलं की लोक दोन टोकांना जातात. कोणी राघव चैतन्यांना सुफी ठरवतो, कोणी दर्ग्याचा भाग नंतरचा ठरवतो. सुलतानी काळात दख्खनमध्ये साधू आणि फकीर एकमेकांच्या शेजारी राहत, एकमेकांचे शिष्य होत, हे चांद बोधले आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद यांच्यावरून दिसतंच. पण शेख महंमदांनी आपले गुरू चांद बोधले असल्याचं स्वतः सांगितलं आहे. राघव चैतन्यांच्या बाबतीत तसं विधान माझ्यासमोर नाही. जागेचं शेजारपण ही गुरुशिष्यत्वाची साक्ष होत नाही, आणि तिच्या आधारे मी त्या परंपरेत एकही नाव वाढवत नाही किंवा खोडत नाही.

१०. पुढचा कागद कोणता हवा, ते आधी ठरवून ठेवावं

या प्रश्नावर आणखी चरित्रं वाचून हाती काही लागणार नाही. 1787 नंतरची बहुतेक चरित्रं निरंजन आणि महिपती यांनाच आलटून पालटून सांगतात. गाथ्याच्या बाजूने पाहायचं ते पाठभेद. संताजी जगनाडे यांच्या वह्या, देहूकडची बाडं आणि 1869 पासून छापला गेलेला सरकारी गाथा यांत स्वप्नाच्या अभंगातली नावं कशी येतात, बाबाजींच्या पुढे चैतन्य हे पद कुठे लागतं का, ते ओळीने लावून पाहावं. एखाद्या बाडात ते पद नंतरच्या शाईने वर लिहिलेलं दिसलं, तर ती ओतूरच्या समजुतीची गाथ्यात शिरण्याची जागा समजावी.

दुसरा कागद मठाच्या बाजूचा. ओतूरच्या समाधीला दिलेलं इनामपत्र, दिवाबत्तीच्या खर्चाची नोंद किंवा वतनाचा तंटा, असा 1787 च्या आधीचा कोणताही व्यवहारी कागद. असे कागद लिहिणाऱ्या कारकुनाला गुरुपरंपरेशी देणंघेणं नसतं. त्याला जमीन कोणाच्या नावे ते लिहायचं असतं. त्या कागदात समाधी केशव चैतन्यांची म्हटली आहे, बाबाजींची म्हटली आहे, की दोन्ही नावं एकाच माणसाला लावली आहेत, ते पाहायचं. निरंजनांच्या आधी दोन्ही नावं एकत्र दिसली, तर तिघांकडे झुकलेलं माझं माप मला दुसऱ्या बाजूला न्यावं लागेल.